अल्कोहोलविना सुगंध: तेल, ग्लायकॉल की पाणी?

हळदीकुंकवाला आलेल्या बायकांच्या हातावर अत्तरदाणीतलं अत्तर लावलं जातं आणि गुलाबदाणीतून गुलाबपाणी शिंपडलं जातं. या दोन्हींत अल्कोहोल नाही. पहिल्यात सुगंध तेलात मुरलेला असतो, दुसऱ्यात पाण्यात. अल्कोहोलविना सुगंध ही आपल्याकडे जुनी गोष्ट आहे. नवा आहे तो बाजारातला तिसरा आधार, ग्लायकॉल. आज दुकानात ‘अल्कोहोल फ्री’ म्हणून जे विकलं जातं त्यात हे तिन्ही असतात आणि बाटलीवर ते मोठ्या अक्षरांत क्वचितच लिहिलेलं असतं. एकाच सुगंधाचा या तीन आधारांतला अनुभव मात्र इतका वेगळा असतो की, एका प्रकारावरून सगळ्यांबद्दल मत करून घेणाऱ्याची फसगत ठरलेली.

अल्कोहोल नको म्हणणारे साधारण दोन प्रकारचे असतात. काहींची त्वचा कोरडी असते. स्प्रे मारला की मनगट पांढरट पडतं, दाढी केलेल्या गालावर झोंबतं, इसबाच्या जागी आग होते. अल्कोहोल त्वचेवरचा स्निग्ध थर विरघळवतं, त्यामुळे त्यांची तक्रार खरी असते. काहींचा प्रश्न श्रद्धेचा असतो. मुस्लिम घरांत नमाजाआधी लावायचं अत्तर अल्कोहोलविना असावं असा आग्रह असतो. यावर विद्वानांमध्ये एकमत नाही. कोणी हा नियम द्राक्ष-खजुराच्या मद्यापुरता मानतात आणि इतर मार्गांनी बनलेलं अल्कोहोल बाहेरून लावायला हरकत नाही म्हणतात, तर कोणी ते पूर्ण टाळायला सांगतात. गळ्यात माळ असलेले काही वारकरीही दारूशी नातं सांगणारी वस्तू अंगाला लावत नाहीत, देवाला तर नाहीच. कारण कोणतंही असो, अल्कोहोल काढल्यावर त्याच्या जागी काय घातलं हे कळणं दोघांनाही सारखंच गरजेचं आहे.

आधी अल्कोहोल काय काम करतं ते पाहू. नेहमीच्या परफ्यूममध्ये सुगंधी द्रव्यं साधारण 10 ते 20 टक्के असतात, बाकी बहुतेक इथाइल अल्कोहोल आणि थोडं पाणी. फुलांचे अर्क, लाकडांची तेलं, प्रयोगशाळेतले सुगंधी रेणू, जवळजवळ सगळं अल्कोहोलमध्ये विरघळतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते काम झालं की निघून जातं. त्वचेवर पडल्यावर थोड्याच वेळात ते उडतं आणि मागे निव्वळ सुगंधी द्रव्यांचा पातळ थर उरतो. बाटलीत 15 टक्के असलेला सुगंध त्वचेवर जवळजवळ शंभर टक्के होतो. परफ्यूम मारलेला माणूस खोलीत येण्याआधी त्याचा वास येतो तो यामुळे.

म्हणून कोणताही आधार पारखताना मी एकच प्रश्न विचारते: लावल्यावर तासाभराने त्वचेवर काय उरतं? तेल, ग्लायकॉल आणि पाणी यांच्यातला बहुतेक फरक या एका प्रश्नातून उलगडतो.

तेलापासून सुरुवात करू, कारण त्याचा इतिहास सर्वांत समृद्ध आहे. उत्तर प्रदेशातल्या कनौजला आजही देग-भपका पद्धतीने अत्तर काढलं जातं. तांब्याच्या मोठ्या देगेत फुलं आणि पाणी भरून झाकण मातीने लिंपतात आणि खाली जाळ करतात. वाफ बांबूच्या नळीतून, म्हणजे चोंग्यातून, गार पाण्यात ठेवलेल्या भपक्यात उतरते. त्या भपक्यात आधीच चंदनाचं तेल घातलेलं असतं. वाफ निवली की फुलाचा सुगंध तेलात शिरतो आणि पाणी खाली बसतं. ते पाणी काढून पुन्हा देगेत घालतात, नवी फुलं टाकतात. असं दिवसामागून दिवस चालतं, तोवर चंदनाचं तेल त्या फुलाने भरून जातं. या साऱ्या प्रवासात अल्कोहोलचा थेंबही येत नाही.

या पद्धतीचं मर्म आधाराच्या निवडीत आहे. चंदनाचं तेल फार सावकाश उडतं, त्यामुळे ते गुलाबाला किंवा केवड्याला धरून ठेवतं. शिवाय ते स्वतःच सुगंधी आहे. बाटलीतला एकही थेंब नुसता भरतीचा नसतो. इतर सगळ्या तेलांत आधार म्हणजे भर असते, इथे आधारच अर्धं अत्तर असतो. मला तरी यापेक्षा सुंदर आधार माहीत नाही.

अडचण अशी की खरं चंदन आता दुर्मीळ आहे आणि त्याची किंमत बहुतेकांच्या आवाक्याबाहेर गेली आहे. त्यामुळे स्वस्त अत्तरात भपक्यातलं चंदन जाऊन लिक्विड पॅराफिन आलं. ते पेट्रोलियमपासून बनतं, त्याला वास नसतो आणि शुद्ध केलेलं असेल तर त्वचेला सहसा त्रास देत नाही. काही ठिकाणी मात्र डी.ओ.पी. नावाचं द्रव्यही वापरलं गेलं आहे. हे प्लास्टिक मऊ करायला वापरायचं फ्थॅलेट वर्गातलं रसायन. शरीरातल्या संप्रेरकांवर आणि प्रजननावर होणाऱ्या परिणामांमुळे युरोपीय संघात सौंदर्यप्रसाधनांत त्याला बंदी आहे. अशी बाटलीही ‘अल्कोहोल फ्री’च असते आणि तसं म्हणण्यात खोटं काही नसतं. म्हणूनच तेवढ्या दोन शब्दांवर विसंबून चालत नाही.

घरी किंवा छोट्या उद्योगात तेलाचं अत्तर बनवणारे आता साधारण तीन द्रव्यं वापरतात. एक जोजोबा. त्याला तेल म्हणतात, पण रचनेने ते पातळ मेण आहे. त्यामुळे ते वर्षानुवर्षं खवट होत नाही. दुसरं खोबरेल तेलातून वेगळं काढलेलं, थंडीतही न गोठणारं तेल. लेबलवर ते ‘कॅप्रिलिक कॅप्रिक ट्रायग्लिसराइड’ या नावाने दिसतं. तिसरं आयसोप्रोपिल मायरिस्टेट, पाण्यासारखं पातळ आणि त्वचेवर चिकट न वाटणारं. हे तिसरं थोडं मिसळलं की तेलकटपणा बराच कमी होतो, मात्र मुरुमांची त्वचा असेल तर ते चेहऱ्याजवळ नको. घरातलं साधं खोबरेल का नको, तर ते 24 अंशांच्या आसपास गोठू लागतं आणि पुण्या-नाशिकच्या हिवाळ्यात रोल-ऑनची गोळी अडकून बसते. बदामाचं तेल काही महिन्यांत खवटतं आणि तो वास कोणत्याही मोगऱ्याखाली लपत नाही.

आता आपला प्रश्न. तासाभराने त्वचेवर काय उरतं? तेल सगळंच्या सगळं उरतं. सुगंधाचे रेणू त्या तेलात विखुरलेले राहतात आणि हळूहळू बाहेर पडतात. त्यामुळे तेलातलं अत्तर दरवळत नाही, जवळ आल्यावर जाणवतं, आणि म्हणूनच संध्याकाळपर्यंत टिकतं. सर्वांत जास्त नुकसान होतं ते लिंबू, संत्रं, पुदिना अशा चपळ वासांचं. अल्कोहोलमध्ये ते पहिल्या क्षणी उसळी घेतात, तेलात मुके होतात. तेलात लिंबाचा ताजेपणा शोधणाऱ्यांची निराशा होते. त्यात अत्तर बनवणाऱ्याचा दोष नसतो, तेलाचा तो स्वभाव आहे. चंदन, ऊद, खस, हिना, कस्तुरीसारखे वास मात्र तेलात खुलतात.

तेलाची आणखी एक मर्यादा विकत घेणाऱ्याला दिसत नाही, बनवणाऱ्याला दिसते. सगळं तेलात विरघळत नाही. व्हॅनिलाचा वास देणारं व्हॅनिलिन हे त्याचं ठळक उदाहरण. मिसळताना गरम केलं की विरघळल्यासारखं वाटतं आणि आठवड्याने बाटलीच्या तळाशी बारीक सुईसारखे स्फटिक दिसतात. पहिले दिवस व्हॅनिलाचा वास येत नाही आणि शेवटच्या थेंबांत नको इतका येतो. तेलाच्या बाटलीच्या तळाशी काही चमकताना दिसलं तर बहुधा हेच झालेलं असतं.

ग्लायकॉल मुळात धंद्यातल्या लोकांच्या कामाचं. सुगंध बनवणाऱ्या कारखान्यांत घट्ट किंवा फार तीव्र द्रव्यं पातळ करायला डायप्रोपिलीन ग्लायकॉल वापरतात. बाजारात सगळे त्याला डी.पी.जी. म्हणतात. पातळ पाकासारखं, जवळजवळ वासहीन, पाण्यातही मिसळणारं आणि बहुतेक सुगंधी द्रव्यंही सामावून घेणारं. व्हॅनिलिन त्यात सहज विरघळतं. ते 230 अंशांच्या आसपास उकळतं, म्हणजे त्वचेवर फार सावकाश उडतं. तासाभराने ते बरंचसं तिथेच असतं.

तेलाप्रमाणे तेही सुगंध दाबून ठेवतं, पण वेगळ्या तऱ्हेने. त्वचेवर ओलसर, किंचित चिकट पापुद्रा राहतो आणि दमट हवेत तो जास्तच जाणवतो, कारण ग्लायकॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. जूनमधल्या मुंबईत मनगटावर डी.पी.जी.चं अत्तर लावून त्यावर घड्याळ बांधून पाहा, मी काय म्हणते ते लगेच कळेल. माझं मत असं की डी.पी.जी. हे पातळ करायचं द्रव्य म्हणून उत्तम, काड्यांच्या रूम फ्रेशनरमध्ये चांगलं आणि अंगाला लावायचा मुख्य आधार म्हणून दुय्यम. तरी बाजारात ते भरपूर आहे, कारण ते स्वस्त आहे, पारदर्शक दिसतं आणि खवटत नाही.

कोरड्या त्वचेच्या माणसाने इथे थोडं जपून राहावं. याच कुटुंबातलं प्रोपिलीन ग्लायकॉल फुटलेल्या किंवा इसब असलेल्या त्वचेवर झोंबतं आणि काहींना त्याची ॲलर्जीही होते. अमेरिकेतल्या संपर्कजन्य त्वचारोगाच्या तज्ज्ञांच्या संस्थेने 2018 साली त्याला ‘वर्षातला ॲलर्जीकारक घटक’ म्हणून निवडलं होतं, म्हणजे डॉक्टरांनी त्याच्याकडे विशेष लक्ष द्यावं असं सुचवलं होतं. डी.पी.जी. त्या मानाने सौम्य मानलं जातं, पण अल्कोहोलची आग चुकवायला म्हणून घेतलेल्या बाटलीत यातलं नेमकं कोणतं ग्लायकॉल आहे, हे वाचून घ्यावं.

ग्लायकॉलमध्ये होणारी नेहमीची गडबड अशी. एखादा मोहम्मद अली रोडवरून घट्ट अत्तर घेऊन येतो. ते तेलातलं असतं. जास्त पुरावं म्हणून तो त्यात डी.पी.जी. ओततो. मिश्रण दुधाळ होतं आणि काही तासांनी दोन थर पडतात, कारण तेल आणि डी.पी.जी. एकमेकांत मिसळत नाहीत. मग अत्तर बनावट होतं असा निष्कर्ष काढला जातो. अत्तर खरं असू शकतं, फक्त दोन आधार एकत्र आले. तेलाचं अत्तर तेलानेच पातळ करायचं असतं.

आता पाणी. लोकांना ते सर्वांत निर्मळ वाटतं आणि बनवायला तेच सर्वांत अवघड आहे, कारण सुगंधी तेलं पाण्यात विरघळत नाहीत. गुलाबपाणी याला अपवाद वाटतं, पण त्यामागे रसायनाची कृपा आहे. गुलाबाच्या वासातला फिनाइल इथाइल अल्कोहोल हा घटक पाण्यात साधारण दोन टक्क्यांपर्यंत विरघळतो. ऊर्ध्वपातनात तो तेलाऐवजी पाण्यात जास्त जातो, म्हणून साधं गुलाबपाणीही खऱ्या फुलासारखं वासतं. नावात अल्कोहोल असलं तरी त्याचा मद्याशी संबंध नाही. चंदन, खस किंवा मोगऱ्याचं तेल असं वागत नाही. ते पाण्यावर तरंगतं.

घरी गुलाबपाण्यात चार थेंब अत्तर टाकून स्प्रेच्या बाटलीत भरणारे बरेच आहेत. बाटली हलवली की क्षणभर एकजीव दिसतं, पण थेंब लगेच वर येतात. स्प्रेची नळी तळापर्यंत गेलेली असते, त्यामुळे आधी नुसतं पाणी येतं आणि बाटली संपत आली की निव्वळ तेल त्वचेवर बसतं. नेमकी शेवटच्या दिवसांत पुरळ उठण्याचं कारण पुष्कळदा हेच असतं.

हे टाळायला तेल आणि पाणी यांना जोडणारा घटक लागतो, म्हणजे सोल्युबिलायझर. सर्वाधिक वापरात आहे पॉलिसॉर्बेट 20. ते तेलाचे अतिसूक्ष्म कण पाण्यात अडकवून ठेवतं आणि बाटली पारदर्शक दिसते. पण तेलाच्या चौपट-पाचपट, कधी त्याहून जास्त घालावं लागतं. शिवाय पाणी आलं की जंतू आले, त्यामुळे प्रिझर्व्हेटिव्ह अटळ. मोठ्या कंपन्यांनी दुसरा मार्गही काढला आहे. दिऑरने 2022 साली ‘ज’आदोर पार्फम द’ओ’ हे अल्कोहोलविना, पाण्याच्या आधारावरचं परफ्यूम आणलं. तेलाचे अतिबारीक थेंब पाण्यात पसरवल्यामुळे ते बाटलीत पारदर्शक न दिसता दुधाळ दिसतं. ते यंत्र घरात नसतं, त्यामुळे आपण पॉलिसॉर्बेटपाशीच थांबू.

एकाच सुगंधाच्या तीन बाटल्या करून पाहू, प्रत्येकी 10 ग्रॅमच्या. सुगंधाचं मिश्रण असं: गोड संत्र्याच्या सालीचं तेल दोन भाग, मोगऱ्याचा कंपाउंड एक भाग, चंदनी वासाचा कंपाउंड दोन भाग. कंपाउंड म्हणजे अत्तराच्या घाऊक दुकानात मिळणारं तयार सुगंधी मिश्रण. ते घेताना तो पातळ केलेला नाही ना आणि अंगाला लावण्यासाठी चालतो ना, हे विचारून घ्यायचं. संत्रं मुद्दाम गोड निवडलं आहे. बर्गमोटच्या सालीचं तेल त्वचेवर ऊन पडलं की भाजल्यासारखे डाग पाडू शकतं. सगळं वजनावर मोजायचं, थेंबांवर नाही. दशांशाचे दोन आकडे दाखवणारा छोटा काटा पुरतो.

तेलाच्या बाटलीत सुगंध 1.5 ग्रॅम, न गोठणारं खोबऱ्याचं तेल 6 ग्रॅम आणि आयसोप्रोपिल मायरिस्टेट 2.5 ग्रॅम. ग्लायकॉलच्या बाटलीत सुगंध 1.5 ग्रॅम आणि डी.पी.जी. 8.5 ग्रॅम. इथे धूसरपणा आला तर बहुधा दोष संत्र्याच्या तेलाचा. अशी सालीची तेलं ग्लायकॉलमध्ये मोठ्या प्रमाणात नीट मिसळत नाहीत, तेव्हा ते थोडं कमी करायचं. पाण्याच्या बाटलीत सुगंध फक्त 0.2 ग्रॅम, पॉलिसॉर्बेट 20 एक ग्रॅम, फिनॉक्सिइथेनॉल आणि इथिलहेक्सिलग्लिसरिन यांचं तयार प्रिझर्व्हेटिव्ह 0.1 ग्रॅम आणि डिस्टिल्ड वॉटर 8.7 ग्रॅम. क्रम महत्त्वाचा: आधी सुगंध आणि पॉलिसॉर्बेट एकत्र घोटायचे, त्यात प्रिझर्व्हेटिव्ह घालायचं आणि मग पाणी थोडं थोडं, ढवळत. पाण्यात आधी सुगंध टाकला की तो परत पकडता येत नाही. दुसऱ्या दिवशी बाटलीमागे वर्तमानपत्र धरायचं. अक्षरं स्वच्छ वाचता आली तर जमलं, पुसट दिसली तर पॉलिसॉर्बेट कमी पडलं. मग एक रात्र फ्रिजमध्ये ठेवून पाहायचं, कारण काही मिश्रणं थंडीतच फुटतात.

तिन्ही बाटल्या आठवडाभर अंधारात ठेवून मग लावल्या की त्यांचे स्वभाव दिसतात. पाण्याच्या बाटलीचा पहिला फवारा तिघींत सर्वांत टवटवीत असतो. बारीक थेंब हवेत उडतात, संत्रं लगेच कळतं आणि उन्हाळ्यात अंगाला गारवा येतो. तेलाच्या बाटलीत त्याच क्षणी संत्रं जेमतेम जाणवतं, मोगरा चंदनात गुंडाळलेला येतो. ग्लायकॉल मध्ये कुठेतरी. संत्रं येतं, पण उशिरा आणि बोथट होऊन. दोन-तीन तासांनी पाण्याची बाटली जवळजवळ संपलेली असते. संध्याकाळी नाक मनगटाला लावलं तर तेलाचा चंदन-मोगरा अजून तिथे असतो.

पाणी इतक्या लवकर का संपतं, याचा हिशेब घालून पाहिला की खरी गंमत कळते. पाणी उडाल्यावर त्या बाटलीतल्या 10 ग्रॅमपैकी मागे 1.3 ग्रॅम उरतात आणि त्यात सुगंध 0.2 ग्रॅम. म्हणजे त्वचेवर उरलेल्या थरात सुगंध साधारण 15 टक्के, तेलाच्या बाटलीत होता तितकाच. पाण्याचं परफ्यूम तासाभरात पॉलिसॉर्बेटचं परफ्यूम होतं. अल्कोहोलसारखं मोकळं होणं त्याच्या नशिबी नाही आणि फवारल्यावर थोडं चिकट लागतं तेही त्यामुळेच. वर मात्राही कमी पडते. 0.1 ग्रॅमचा एक फवारा त्वचेवर फक्त 2 मिलिग्रॅम सुगंध ठेवतो आणि तेवढंच रोल-ऑन फिरवलं तर 15 मिलिग्रॅम. मग पाण्यातच जास्त सुगंध का घालू नये? घातला तर पॉलिसॉर्बेटही त्या प्रमाणात वाढवावं लागतं आणि फवाऱ्याऐवजी फेस येणारं चिकट द्रव हाती येतं. पाण्याचा आधार हलक्या, पुन्हा पुन्हा मारायच्या सुगंधासाठीच आहे. केसांवर, उन्हात, लहान मुलांच्या कपड्यांवर तो चांगला. रात्रीच्या लग्नाला तो पुरत नाही.

पाण्याची बाटली बिघडली हे ओळखणं सोपं आहे. आधी स्वच्छ असलेलं पाणी धूसर होतं, तळाशी तंतू किंवा गाळ दिसतो, वासाखाली आंबूस झाक येते. असं दिसलं की ती टाकून द्यायची, गाळून वापरायची नाही. तेलाची बाटली खवटपणाने बिघडते. संत्र्याच्या सालीचं तेल मात्र कोणत्याही आधारात हवा आणि उजेडाने जुनं होतं आणि जुनं झाल्यावर त्वचेला जास्त त्रास देतं. म्हणून बाटली गडद रंगाची आणि छोटी असलेली बरी. दुकानदार 12 मिलिलिटरच्या बाटलीला तोळा म्हणतात. पहिल्यांदा घेताना पाव तोळा पुरे.

दुकानात समोर ठेवलेल्या, काहीच न लिहिलेल्या बाटलीत कोणता आधार आहे हे घरी बऱ्यापैकी कळू शकतं. एका ग्लासात गार पाणी घेऊन त्यात एक थेंब सोडायचा. वर गोल तरंगला तर तेल, मग ते चंदन असो, जोजोबा असो की पॅराफिन. काचेतून पाहताना पाकाच्या तारा खाली उतरताना दिसल्या आणि ढवळल्यावर पाणी पांढुरकं झालं तर ग्लायकॉल. पाण्यावर पडताक्षणी दुधाळ पसरला आणि हातावर लावलेला थेंब लगेच गार होऊन सुकला, तर ‘अल्कोहोल फ्री’ म्हटलं तरी त्यात अल्कोहोल असण्याची दाट शक्यता. थेंब गोळी होऊन तळाशी बसला आणि ढवळूनही विरघळला नाही, तर त्यात पाण्यापेक्षा जड द्रावक आहे. ते एखादं फ्थॅलेट असू शकतं किंवा बेन्झिल बेन्झोएटही. अशा वेळी दुकानदाराला नाव विचारावं आणि सांगता आलं नाही तर बाटली परत करावी. दुसरी खूण कागदावर दिसते. वहीच्या कागदावर तेलाचा डाग दुसऱ्या दिवशीही उजेडात आरपार दिसतो, अल्कोहोलचा ओलावा काही मिनिटांत निघून जातो. मिश्र आधार असेल तर या खुणा एकमेकांत मिसळतात, हे मात्र लक्षात ठेवावं. आणि काडी पेटवून पाहायचा प्रयोग कोणी सुचवला तर तो करू नये.

लेबल असेल तर शब्द नीट वाचायचे. नुसतं ‘अल्कोहोल’, ‘अल्कोहोल डिनॅट’, ‘एस.डी. अल्कोहोल’, ‘इथेनॉल’ किंवा ‘इथाइल अल्कोहोल’ असेल तर ते तेच, जे टाळायचं आहे. सिटाइल किंवा सिटिऑरिल अल्कोहोल हे मेणासारखे पदार्थ असतात. ते त्वचा कोरडी करत नाहीत. बेन्झिल अल्कोहोल, फिनॉक्सिइथेनॉल आणि ग्लायकॉलं हीसुद्धा रसायनशास्त्राच्या वर्गवारीत अल्कोहोलच्या कुळातली, पण दारूत असतं ते हे नव्हे. श्रद्धेपोटी काटेकोर राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट विचारावी, जी विक्रेते सहसा आपणहून सांगत नाहीत: सुगंधाचा अर्क कसा काढला आहे? मोगरा, जाई, रजनीगंधा यांचे ‘ॲब्सोल्यूट’ नावाचे अर्क काढताना मेणाचा भाग वेगळा करायला इथाइल अल्कोहोल वापरतात आणि मग उडवून टाकतात. त्याचा किंचित अंश राहू शकतो. देग-भपक्याच्या अत्तरात तो टप्पाच नसतो. अशा माणसाला देगेतून निघालेलं अत्तर जास्त समाधान देईल. चालतं की नाही हे मात्र ज्याच्या शब्दावर त्याचा विश्वास आहे त्यालाच विचारावं.

कोरड्या त्वचेच्या माणसाला माझा सल्ला तेलाचा. पण एक सावधगिरी बाळगायला हवी. खाज किंवा पुरळ दरवेळी अल्कोहोलमुळेच येत नाही. पुष्कळदा गुन्हेगार सुगंधी द्रव्यंच असतात: लिंबूवर्गातलं लिमोनिन, लव्हेंडरमधलं लिनालूल, लवंगेतलं युजेनॉल, दालचिनीतलं सिनामल. तेलाच्या अत्तरात हीच द्रव्यं त्वचेवर जास्त वेळ राहतात. त्यामुळे अल्कोहोल सोडून तेलाकडे वळल्यावर त्रास वाढला, तर आधार बदलत बसू नये. तो सुगंध सोडावा आणि त्वचारोगतज्ज्ञाकडून पॅच टेस्ट करून घ्यावी. नवी बाटली आणली की कोपराच्या आतल्या बाजूला नाण्याएवढ्या जागेवर दिवसातून दोनदा, सलग आठवडाभर लावून पाहावं. ॲलर्जीची प्रतिक्रिया अनेकदा दोन-तीन दिवसांनी उमटते, त्यामुळे दुकानात मनगटावर लावून पाहिलेल्या एका थेंबावर निर्णय घेता येत नाही. आणि फुटलेल्या, खाजवलेल्या किंवा नुकत्याच दाढी केलेल्या त्वचेवर यातलं काहीच लावू नये. अशा दिवसांत कापसाचा फाया करून तो सुती कुर्त्याच्या खिशात ठेवावा, पैठणीच्या पदराला मात्र नको, कारण रेशमावरचा तेलाचा डाग निघत नाही.